लॉग आहे, मग अलर्ट का नाही वाजला? पर्पल टीमच्या तीन दिवसांची आखणी

प्रश्न: आमची एसओसी सहा जणांची आहे. पुढच्या महिन्यात बाहेरचे दोन टेस्टर तीन दिवसांसाठी येतायत, आणि आम्ही पहिल्यांदाच पर्पल टीम सराव, म्हणजे हल्ला करणारे आणि तो पकडणारे एकत्र बसून करतात तो सराव, करणार आहोत. त्यांनी मायटर अटॅकमधून निवडलेल्या १८ हल्ल्यांची यादी पाठवली आहे. हे तीन दिवस कसे आखावेत? सुरुवात कुठून करू?

उत्तर:

सुरुवात यादी कापण्यापासून करा. तीन दिवसांत चार हल्ले नीट होतात, फार ओढाताण केली तर पाच. १८ घेतलेत तर प्रत्येकाच्या वाट्याला तासभर येतो. त्या तासात हल्ला चालवून होतो, अलर्ट आला की नाही हे बघून होतं आणि एक्सेलमध्ये हिरवा-लाल रंग भरून होतो. पण लाल का झालं ते शोधायला, रूल दुरुस्त करायला आणि तोच हल्ला पुन्हा चालवून बघायला वेळच उरत नाही. टेस्टर गेल्यावर तुमच्या हातात जी लाल यादी राहते, ती त्यांच्याशिवायही तुम्हाला करता आली असती. एकाच खोलीत बसण्याचा सगळा फायदा त्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या फेरीत आहे. माझ्या अनुभवात एका हल्ल्याला अर्धा दिवस लागतो, शेवटच्या दिवसाचा एक अर्धा भाग सगळं पुन्हा चालवण्यात जातो आणि दुसरा अर्धा नेहमीच वाया जातो. तो धरूनच चार म्हणतेय.

आता कुठले चार? ज्याचे लॉगच तुमच्याकडे येत नाहीत, ते हल्ले सोडून द्या. लॉग येत नाहीत हे सांगायला बाहेरून माणसं बोलवायची गरज नाही. तीन हल्ले असे निवडा, ज्यांच्यासाठी तुमच्याकडे रूल आहे आणि तो चालतो अशी सगळ्यांची समजूत आहे. चौथा असा घ्या, की लॉग येतात पण रूल अजून कुणी लिहिलेला नाही. पहिल्या प्रकारात सगळ्यात जास्त सापडतं, कारण वर्षभर न वाजलेल्या रूलबद्दल कुणी विचारतच नाही. तो शांत आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालतो आपण.

सगळ्या आखणीचं वर्णन करत बसण्यापेक्षा एकच हल्ला घेते आणि त्याची आखणी कशी केली, त्यात काय काय फसलं ते सांगते. हल्ला आहे केर्बरोस्टिंग, मायटरच्या यादीत `T1558.003`. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी असेल तिथे हा घ्यावाच, कारण त्याला कुठलीही वरची परवानगी लागत नाही. डोमेनमधला कुठलाही साधा युझर कुठल्याही सर्व्हिससाठी डोमेन कंट्रोलरकडे तिकीट मागू शकतो, ती केर्बरॉसची रीतच आहे. ते तिकीट त्या सर्व्हिस अकाउंटच्या पासवर्डपासून बनलेल्या किल्लीने बंद केलेलं असतं. हल्लेखोर ते घेऊन स्वतःच्या मशीनवर बसतो आणि पासवर्ड ओळखत राहतो. तुमच्या नेटवर्कमध्ये त्यानंतर काहीच घडत नाही. म्हणजे पकडायची संधी एकच: तिकीट मागितलं तो क्षण. तो डोमेन कंट्रोलरवर `4769` या इव्हेंटमध्ये नोंदला जातो.

प्रत्येक हल्ल्याचं एक पान करा आणि त्यातला एक रकाना हल्ला चालवण्याआधी ब्लू टीमने, म्हणजे बचाव करणाऱ्या तुमच्या माणसांनी, भरायचा. मी त्याला ‘भाकीत’ म्हणते. कुठल्या मशीनवर कुठला इव्हेंट येईल, कुठला रूल वाजेल, किती मिनिटांत वाजेल, आणि अलर्ट उघडल्यावर अ‍ॅनालिस्टला कुठल्या तीन गोष्टी दिसतील. शाईने लिहा, म्हणजे नंतर बदलता येत नाही. हे ऐकायला बालिश वाटतं, पण भाकीत लिहिलेलं नसलं की हल्ल्यानंतर कुणीतरी लॉगमध्ये शोधाशोध करून एक ओळ काढतं आणि म्हणतं, ‘हे बघा, दिसतंय की!’ आणि मग ती ओळ ‘डिटेक्टेड’ म्हणून अहवालात जाते. लॉग सापडणं आणि अलर्ट वाजणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्याच पानावर हल्ला किती प्रकारे चालवायचा तेही ठरवा. केर्बरोस्टिंग एकाच टूलने करून बघितलंत तर फसाल. रूबियस नावाचं तयार टूल लॅपटॉपवर टाकलं की बहुतेक वेळा एंडपॉइंटवरचा एजंट ते फाइल बघूनच अडवतो, आणि खोलीत टाळ्या पडतात. त्या टाळ्या टूलच्या सहीसाठी आहेत, तिकीट मागण्याच्या वागणुकीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. म्हणून तोच हल्ला दुसऱ्यांदा विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या `klist` ने करा, आणि तिसऱ्यांदा टेस्टरच्या लिनक्स मशीनवरून इम्पॅकेटच्या `GetUserSPNs.py` ने. त्या मशीनवर तुमचा एजंट नाही, त्यामुळे डोमेन कंट्रोलरचा लॉग सोडून बघायला दुसरं काहीही उरत नाही. खरी परीक्षा तीच.

नियमांचा कागद लांबलचक नको, पण दोन ओळी या हल्ल्यासाठी असायलाच हव्यात. पहिली: मिळालेल्या तिकिटांचं काय करायचं. ती खऱ्या सर्व्हिस अकाउंटची तिकिटं आहेत, कमकुवत पासवर्ड असेल तर त्यातून तो निघू शकतो. आमचा नियम असा, की तिकिटं फोडायची नाहीत, टेस्टरच्या मशीनवरून बाहेर न्यायची नाहीत, आणि संध्याकाळी एसओसीतल्या एका माणसासमोर पुसायची. पासवर्ड तपासायचेच असतील तर ते वेगळं काम आहे, वेगळ्या लेखी परवानगीने करा. दुसरी ओळ: सरावाच्या वेळात खराच हल्ला झाला तर काय. टेस्टरने कुठल्या अकाउंटवरून, कुठल्या आयपीवरून आणि किती वाजल्यापासून काम सुरू केलं, हे एका चॅनेलमध्ये प्रत्येक फेरीआधी टाकायचं. त्या अकाउंट-आयपीच्या बाहेरचा कुठलाही अलर्ट ‘सरावातलाच असेल’ म्हणून बंद करायचा नाही. आणि एक थांबायचा शब्द ठरवा, तो कुणीही म्हटला की हात कीबोर्डवरून बाजूला.

टेस्टर यायच्या आठवडाभर आधी दोन कामं उरकून ठेवा, नाहीतर पहिला दिवस त्यातच जातो.

एक म्हणजे आहे तो रूल मागच्या तीस दिवसांच्या डेटावर चालवून बघा. किती वेळा वाजला असता, कुणासाठी वाजला असता ते कळतं. शून्य आलं तर खूश होऊ नका. इतके दिवस एवढ्या मोठ्या डोमेनमध्ये एकदाही तसं काही घडलं नाही, की रूलमधलं फील्डचं नावच चुकलंय, हे आधी शोधा.

दुसरं म्हणजे लॉग किती उशिरा पोहोचतात ते मोजा. हे कुणीच मोजत नाही. स्प्लंकमध्ये असं:

```
index=wineventlog EventCode=4769
| eval lag=_indextime-_time
| stats median(lag) perc95(lag) max(lag) BY Computer
```

डोमेन कंट्रोलरगणिक घटना घडल्यापासून लॉग सीममध्ये, म्हणजे सगळे लॉग गोळा करून रूल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंदेपर्यंत किती सेकंद गेले ते दिसतं. दुसऱ्या कुठल्या सीममध्येही या दोन वेळा असतातच, नावं वेगळी. एखाद्या मशीनचा आकडा उणे आला तर त्याचं घड्याळ पुढे आहे. केर्बरॉस डीफॉल्टने पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतं, त्यामुळे घड्याळ दोन-तीन मिनिटं चुकलेलं असलं तरी लॉगिन वगैरे सगळं सुरळीत चालतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. वेळेच्या खिडकीवर चालणारा रूल मात्र त्याने बिघडतो.

आता प्रत्यक्ष घडलेला प्रसंग. संस्थेचं नाव सांगत नाही, चार डोमेन कंट्रोलर होते आणि साधारण दोन डझन सर्व्हिस अकाउंट. त्यांचा रूल समजायला सोपा होता: एका युझरने एका आयपीवरून दहा मिनिटांत पाच किंवा जास्त वेगवेगळ्या सर्व्हिस अकाउंटची तिकिटं मागितली, तर अलर्ट.

```
index=wineventlog EventCode=4769 Status=0x0 ServiceName!="*$" ServiceName!="krbtgt"
| bin _time span=10m
| stats dc(ServiceName) AS svc, values(TicketEncryptionType) AS etype BY _time, TargetUserName, IpAddress
| where svc>=5
```

`$` ने संपणारी नावं कॉम्प्युटर अकाउंटची असतात. त्यांचे पासवर्ड लांबलचक आणि आपोआप बदलणारे असल्यामुळे ती सोडली. भाकिताच्या रकान्यात लिहिलं होतं: सहा तिकिटं मागितली की दहा मिनिटांत अलर्ट, त्यात युझर, आयपी आणि सहाही अकाउंटची नावं दिसतील.

पहिली फेरी, सकाळी १०:४०. टेस्टरने साध्या युझरने लॉगिन करून सहा सर्व्हिसची तिकिटं मागितली, एकेक करून, अशी:

```
klist purge
klist get MSSQLSvc/sql07.corp.example:1433
```

१०:५०, काही नाही. अ‍ॅनालिस्टने हाताने शोधलं, तरी काही नाही. अकराच्या सुमाराला तोच शोध पुन्हा चालवला तर सहाच्या सहा इव्हेंट समोर. वेळ १०:४० चीच. खोलीतला एक जण म्हणाला, ‘लॉग तर आहे, म्हणजे डिटेक्शन आहे.’ नाही. रूल दर पाच मिनिटांनी चालत होता आणि मागच्या दहा मिनिटांचा डेटा बघत होता. या डोमेन कंट्रोलरचे लॉग एका मधल्या कलेक्टरमधून यायचे आणि कामाच्या वेळेत तो बारा मिनिटं मागे पडायचा. म्हणजे रूल ज्या खिडकीत बघत होता, तिथे लॉग अजून आलेला नसायचा, आणि लॉग यायचा तेव्हा खिडकी पुढे सरकलेली असायची. दिवसाच्या वर्दळीत या डोमेन कंट्रोलरवरून तो अलर्ट वाजणं शक्यच नव्हतं. रूलचं लॉजिक मात्र अचूक होतं, कुणी कितीही वेळा वाचलं असतं तरी चूक सापडली नसती.

इथे पर्याय दोन असतात. ज्या रूलला एकच इव्हेंट पुरतो, तो घटनेच्या वेळेऐवजी लॉग पोहोचल्याच्या वेळेवर चालवायचा. ज्यात मोजणी आहे, त्याची खिडकी रुंद करायची. बारा मिनिटं उशीर आणि दहा मिनिटांची मोजणी मिळून बावीस होतात, म्हणून दर पाच मिनिटांनी मागची तीस मिनिटं बघायची असं ठरलं. एकच घटना त्यामुळे पुन्हा पुन्हा दिसणार, म्हणून तोच युझर आणि तोच आयपी असेल तर तासभर दुसरा अलर्ट द्यायचा नाही.

रूल उघडलाच होता म्हणून `bin` कडेही लक्ष गेलं. `bin` दहा-दहा मिनिटांचे ठरलेले कप्पे पाडतो: १०:४० ते १०:५०, मग १०:५० ते ११:००. टेस्टरने तीन तिकिटं १०:४९ ला आणि तीन १०:५१ ला मागितली असती, तर दोन्ही कप्प्यांत तीन-तीन पडली असती आणि पाचाचा आकडा कुठेच गाठला गेला नसता. सरकती खिडकी लावल्यावर ही फट बुजली:

```
| streamstats time_window=10m dc(ServiceName) AS svc BY TargetUserName, IpAddress
```

दुसरी फेरी, ११:३०. यावेळी अलर्ट नाही, आणि अर्ध्या तासाने बघितलं तरी लॉगही नाही. सगळे कलेक्टरवर घसरले, त्याच्या टीमला फोन गेला, त्यांनी सांगितलं सगळं व्यवस्थित आहे. वीस-पंचवीस मिनिटं अशी गेली. मग टेस्टर स्वतःच म्हणाला, ‘थांबा, मी `klist purge` केलंच नाही.’ सकाळची तिकिटं त्याच्या लॉगिन सेशनमध्ये तशीच पडून होती. तिकिटाचा डीफॉल्ट जीव दहा तासांचा. विंडोजने जुनंच तिकीट हातात दिलं, डोमेन कंट्रोलरला विचारलंच नाही, म्हणून `4769` आलाच नाही. हल्ला झालाच नव्हता, आणि आम्ही बचावाची चूक शोधत होतो. तेव्हापासून माझ्या पानावर ‘फेरी खरंच झाली याचा पुरावा’ असा एक रकाना असतो. इथे तो म्हणजे फेरीनंतरचा `klist` चा आउटपुट: त्यात तिकीट किती वाजता मिळालं, कुठल्या एन्क्रिप्शनचं आहे, आणि `Kdc Called` समोर कुठल्या डोमेन कंट्रोलरने दिलं, हे सगळं असतं.

तिसऱ्या फेरीत, १२:२५ ला, आधी पर्ज केलं. १२:४० ला अलर्ट वाजला. पंधरा मिनिटं लागली, भाकीत दहाचं होतं. म्हणून नोंदीत ‘अलर्ट आला, पण उशिरा, कारण कलेक्टर’ असं गेलं. आणि अलर्ट उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. सहा अकाउंटची नावं त्यात नव्हतीच, नुसता `6` हा आकडा. `dc` मोजतो, यादी देत नाही. अ‍ॅनालिस्टला कुठली सहा हे बघायला पुन्हा मूळ शोध चालवावा लागला. `values(ServiceName)` जोडायला दोन मिनिटं लागली, पण भाकितात ते लिहिलेलं नसतं तर ते कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. जाता जाता सांगते, `4769` मध्ये `ServiceName` समोर अकाउंटचं नाव येतं, `MSSQLSvc/...` हे लांब नाव नाही. त्या लांब नावाने शोधत बसलेले लोक मी पाहिलेत.

दुपारी चौथी फेरी, प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर एकदा. हे बहुतेक जण करत नाहीत. टेस्टरचा लॅपटॉप सहसा जवळच्या एकाच डोमेन कंट्रोलरशी बोलतो, त्यामुळे दिवसभर तुम्ही चारांपैकी एकच तपासत राहता. `klist add_bind` ने कुठल्या डोमेन कंट्रोलरकडे जायचं ते ठरवता येतं. तीन ठिकाणी अलर्ट आला. चौथ्यावर ना अलर्ट, ना लॉग. यावेळी `klist` चा पुरावा हातात होता, तिकीट त्याच मशीनने दिलं होतं, त्यामुळे वाद झाला नाही. तिथे जाऊन विचारलं:

```
auditpol /get /subcategory:"Kerberos Service Ticket Operations"
```

उत्तर आलं `No Auditing`. लॉग फार भरतो म्हणून कधीतरी कुणीतरी ते बंद केलं होतं आणि विसरून गेलं होतं. हल्लेखोराला हे माहीत असायची गरज नाही. त्याचं मशीन योगायोगाने त्या डोमेन कंट्रोलरशी बोलत असलं की झालं. तेव्हापासून मी एक कायमची तपासणी सुचवते: कुठल्याही डोमेन कंट्रोलरकडून तासभरात एकही `4769` आला नाही तर अलर्ट. हल्ल्याचा रूल लिहिण्याइतकंच त्याच्या कच्च्या मालावर लक्ष ठेवणंही डिटेक्शनचंच काम आहे.

पाचव्या फेरीत टेस्टरला मोकळं सोडलं: ‘आता हा रूल चुकवून दाखव.’ त्याला फार डोकं लावावं लागलं नाही. वीस मिनिटांनी एकेक तिकीट मागत गेला. दहा मिनिटांत पाचाचा आकडा कधीच होत नाही. एकाने सुचवलं, एन्क्रिप्शनवर रूल लावू, कारण जुनी टूल्स फोडायला सोपं जावं म्हणून आरसीफोर हे जुनं, कमकुवत एन्क्रिप्शन मागतात आणि इव्हेंटमध्ये `0x17` दिसतं. रूल वाईट नाही. त्या डोमेनमध्ये आरसीफोर खरंच बंद पडत आलं असेल तर फार कमी आवाजात चांगला चालतो, आणि इम्पॅकेटची फेरी त्याने लगेच पकडली. पण ज्या अकाउंटवर एईएस चालू आहे त्याचं तिकीट `0x12` म्हणून येतं आणि ते रोजच्या हजारो तिकिटांसारखंच दिसतं. हळू आणि एईएस, असं दोन्ही एकत्र केलं की दोन्ही रूल गप्प.

तिथे आमिषाचं अकाउंट ठेवलं. एक सर्व्हिस अकाउंट, नाव जुन्या सर्व्हरचं वाटेल असं, त्याच्यावर `setspn -S` ने एक नोंद, पासवर्ड शंभर अक्षरांचा आणि कुणालाच माहीत नसलेला. कुठलीही खरी सर्व्हिस त्यावर चालत नाही, म्हणून त्याचं तिकीट मागायचं कुणाला काही कारणच नाही. त्याच्या नावाचा एकही `4769` आला की अलर्ट, एन्क्रिप्शन कुठलंही असो, वेग कितीही असो. यादी काढून सगळ्यांची तिकिटं घेणारा यात अडकतोच, फक्त त्याची पाळी येईपर्यंत वाट बघावी लागते. टेस्टरने अकरावं तिकीट त्याचं मागितलं आणि चौदा मिनिटांनी अलर्ट वाजला.

पण याची हद्दही पानावर लिहा. ज्याला हवं ते एकच अकाउंट आधीपासून ठाऊक आहे आणि जो त्याचंच एक तिकीट घेऊन जातो, तो यातल्या कशानेच सापडणार नाही. मोजणीत तो एक, एन्क्रिप्शन रोजचंच, आमिषाकडे ढुंकूनही बघत नाही. ते एक तिकीट पकडायला रूल आणखी कडक केला, तर रोजच्या कामाचे शेकडो अलर्ट येतील. इथे उत्तर एसओसीकडे नाही, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी सांभाळणाऱ्यांकडे आहे: ते अकाउंट जीएमएसएवर न्यायचं, म्हणजे पासवर्ड विंडोजच लांबलचक ठेवतं आणि डीफॉल्टने दर तीस दिवसांनी बदलतं. तिकीट चोरून नेलं तरी फोडता येत नाही. म्हणून त्या टीमचा एक माणूस या अर्ध्या दिवसात खोलीत हवाच. नसला तर मुद्दा अहवालात जातो आणि तिथेच राहतो.

ट्यूनिंगबद्दल एवढंच, की अपवाद टाकताना हात आखडता ठेवा. तीस दिवसांच्या डेटात त्यांच्याकडे दोनच गोष्टी वारंवार वाजत होत्या: एक व्हल्नरेबिलिटी स्कॅनर आणि एक इन्व्हेंटरीचं सॉफ्टवेअर. पहिली सूचना नेहमीसारखीच आली: ‘स्कॅनरचं अकाउंट वगळा.’ टेस्टर हसला आणि म्हणाला, ‘मग मी तेच अकाउंट चोरेन.’ स्कॅनरच्या अकाउंटला बहुतेक ठिकाणी भरपूर परवानग्या असतात, म्हणजे हल्लेखोराला सर्वात हवं असलेलं अकाउंट आपण स्वतःच्या हाताने अदृश्य करत होतो. अपवाद टाकायचाच तर अकाउंट आणि आयपी या जोडीचा टाका. तेच अकाउंट दुसऱ्या मशीनवरून आलं तर वाजलंच पाहिजे. आणि अपवाद टाकून झाल्यावर लगेच त्याच अकाउंटने दोन फेऱ्या करा, एक त्याच मशीनवरून आणि एक दुसऱ्या. आम्ही केल्या, दोन्हीकडून अलर्ट वाजला, आणि अपवाद लागलाच नव्हता हे कळलं. `TargetUserName` मध्ये `svc_scan@CORP.EXAMPLE` असं पूर्ण नाव येतं आणि अपवादात नुसतं `svc_scan` लिहिलं होतं. `IpAddress` चंही तसंच: बरेचदा पुढे `::ffff:` लागून येतो, साध्या आयपीशी जुळवला तर कधीच जुळत नाही.

प्रत्येक फेरीच्या नोंदीत चार वेळा लिहा: हल्ला केव्हा चालला, लॉग सीममध्ये केव्हा पोहोचला, अलर्ट केव्हा वाजला, माणसाने तो केव्हा उघडला. सगळ्या एकाच टाइमझोनमध्ये, यूटीसी सोयीचं. या चार आकड्यांतल्या दऱ्या बघितल्या की काम कुणाच्या गळ्यात घालायचं ते आपोआप कळतं. पहिल्या दोनांत अंतर असेल तर लॉग पाठवणारे, मधल्यात असेल तर रूल लिहिणारे, शेवटच्यात असेल तर शिफ्ट. तुमच्याकडे सहा जण आहेत, म्हणजे सरावाच्या वेळीही किमान दोघं नेहमीच्या रांगेवर बसलेले हवेत. त्यांना हल्ल्याची वेळ सांगू नका, म्हणजे चौथा आकडा खरा निघेल. बाकीच्यांना सगळं माहीत असलं तरी हरकत नाही. हा सराव लपाछपीचा नाही.

तीन दिवस मग असे लावा. पहिल्या दिवशी सकाळी हा हल्ला किंवा तुमच्या यादीतला सगळ्यात ओळखीचा, कारण पहिल्या फेरीत जी गडबड होते ती लॉगच्या नळाची असते आणि ती एकदा निस्तरली की पुढच्या तिघांना फायदा होतो. दुपारी दुसरा. दुसऱ्या दिवशी उरलेले दोन. तिसऱ्या दिवशी सकाळी नवं काही नाही: चारही हल्ले पहिल्यापासून पुन्हा चालवायचे, कारण दुसऱ्या दिवशी केलेल्या दुरुस्तीने पहिल्या दिवशीचा रूल मोडलेला असू शकतो. दुपार राखीव ठेवा, ती लागतेच.

टेस्टरकडून जाताना अहवालाआधी एक वस्तू मागून घ्या: प्रत्येक हल्ल्याच्या नेमक्या कमांड एका फाइलमध्ये, पर्जसकट, तुमचा माणूस त्यांच्याशिवाय चालवू शकेल अशा. तिसऱ्या दिवशी सकाळच्या फेऱ्या टेस्टरने न चालवता तुमच्याच माणसाने त्या फाइलवरून चालवल्या, तर फाइल पुरी आहे की नाही तेही तिथेच कळेल. आमिषाच्या अकाउंटचं तिकीट महिन्यातून एकदा, चारही डोमेन कंट्रोलरवरून मागायला साधारण वीस मिनिटं जातात. वर सांगितलेल्या ठिकाणी दोन महिन्यांनी त्यातला एक अलर्ट आला नाही. कलेक्टरचं अपग्रेड झालं होतं आणि `Computer` हे फील्ड दुसऱ्या नावाने यायला लागलं होतं.